फायनलच्या पहाटे पिच कशी तयार करायची: आप्पांच्या हाताखालची एक रात्र

गावातल्या स्पर्धेत पिच एकच असते. लीगच्या मॅचेस तिच्यावर, सेमीफायनल तिच्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फायनलही तिच्यावरच. मोठ्या मैदानावर शेजारी चार पट्ट्या तयार असतात, एक दमली की दुसरी वापरतात. आपल्याकडे तशी सोय नाही. म्हणून खान्देशातल्या काळ्या जमिनीवर ज्याला हे काम नव्यानं करायचं आहे, त्यानं आधी एकच गोष्ट नीट शिकावी: सेमीफायनल संपल्यापासून फायनलचा टॉस होईपर्यंतच्या सतरा तासांत काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही. आठवडाभर पाणी आणि रोलर देऊन पिच बसवणं हा वेगळा विषय आहे, त्यात मी इथे शिरत नाही.

मी हे आप्पांकडून शिकलो. अमळनेर-पारोळा पट्ट्यातल्या एका गावात ते तीसेक वर्षं मैदान सांभाळत आले आहेत. मैदानाला लागून कपाशीची शेतं आहेत आणि मैदानाची मातीही तीच. एका जानेवारीत मी त्यांच्यासोबत फायनलच्या आदल्या दुपारपासून होतो. त्या रात्री जे जे घडलं त्याच क्रमानं सांगतो, कारण या कामात क्रम चुकला की सगळंच चुकतं.

आधी मातीबद्दल थोडं. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच. पिचला या गुणाचा फायदाही आहे. ओलसर असताना दाबलेली काळी माती वाळताना स्वतःला आवळून घेते आणि दगडासारखी होते, म्हणून बॉल उसळतो. पण फुगलेली, चिकट माती दाबली तर ती घट्ट होत नाही, नुसती सरकते. अगदी वाळलेली दाबली तर वरचा पापुद्रा फुटतो. या दोन्हींच्या मधली जी अवस्था, तिला शेतकरी वापसा म्हणतो. पाऊस पडून गेल्यावर वखर घालायचा की नाही हे ठरवताना तो ढेकूळ हातात घेऊन जे बघतो, तेच पिचवर बघायचं असतं. ज्याला वापसा कळतो त्याला निम्मं काम येतं.

दुपारी साडेचार: खड्डा

सेमीफायनल संपली तेव्हा नदीकडच्या टोकाला खड्डा पडलेला होता. फास्ट बॉलरचा पुढचा पाय रोज एकाच जागी आपटतो, पॉपिंग क्रीजच्या थोडा मागे-पुढे. चार दिवसांच्या मॅचेसनंतर तिथे साधारण १४ इंच लांब, ९ इंच रुंद आणि दीड इंच खोल अशी वाटी तयार झाली होती. तळाला भुगा, कडा फुटलेल्या.

नवा माणूस इथेच चुकतो. मीही चुकलो होतो. त्याच्या दोन वर्षं आधी आप्पा आजारी होते म्हणून एका फायनलला मी एकट्यानं खड्डा भरला होता. मातीचा चिखल केला, खड्ड्यात थापला, वरून ओल्या हातानं गुळगुळीत केला. सकाळी तो इतका सुबक दिसत होता की लोकांनी फोटो काढले. तिसऱ्या ओव्हरला बॉलरचा पाय पडला आणि पूर्ण ठिगळ भाकरीसारखं उचकटून बाहेर आलं. त्या मुलाचा घोटा मुरगळला. त्याला धरून बाहेर नेताना त्याची आई दोरीपाशी उभी होती, ते मला अजून दिसतं.

चूक काय होती ते आप्पांनी नंतर सांगितलं. चिखल वाळताना आक्रसतो, त्यामुळे ठिगळाच्या चारही बाजूंनी केसाएवढी फट पडते. फट वरून दिसत नाही, कारण ती भुग्यानं झाकलेली असते. ठिगळ खाली चिकटलेलंही नसतं, कारण आपण ते भुग्यावर थापलेलं असतं. म्हणजे ते नुसतं वाटीत ठेवलेलं झाकण असतं.

तेव्हा खड्डा असा भरायचा:

आधी खराट्यानं आणि मग हातानं सगळा भुगा काढायचा. शेवटचा चिमूटभरसुद्धा. आप्पा तर तोंडानं फुंकर मारून तळ साफ करतात. मग जुन्या विळ्याच्या टोकानं कडा उभ्या कापायच्या. खड्डा वाटीसारखा उतरता असेल तर कडेला मातीचा थर कागदाएवढा पातळ होतो आणि तोच आधी उचकटतो, म्हणून वाटीची पेटी करायची. तळावर खिळ्यानं आडव्या-उभ्या रेघा ओढायच्या, म्हणजे नव्या मातीला धरायला जागा मिळते.

माती कुठली? ज्या मातीची पिच आहे तीच, दुसरी नाही. आप्पा पावसाळ्याआधीच दोन गोण्या माती चाळून पत्र्याखाली ठेवतात. नदीची पोयटा माती मऊ असते, हाताळायला बरी वाटते, पण ती काळ्या मातीशी एकजीव होत नाही. एवढ्या खड्ड्याला साधारण ५ किलो कोरडी चाळलेली माती लागली. तिला पाणी दिलं पाऊण लिटर. तेही ओतलं नाही, हातानं शिंपडत आणि माती खालीवर करत दिलं. मग ओल्या गोणपाटाखाली तासभर झाकून ठेवली, म्हणजे ओल सगळीकडे सारखी पोचते. हा तास वाचवायचा मोह होतो. वाचवू नका. बाहेरून ओलं आणि आतून कोरडं असं ढेकूळ भरलं तर ते दाबताना फुटतं.

माती तयार झाली की नाही याची परीक्षा सोपी आहे. मूठभर घेऊन दाबा. गोळा व्हायला हवा, पण तळहाताला चमक किंवा चिकटा राहायला नको. तो गोळा गुडघ्याच्या उंचीवरून सोडा. दोन-तीन तुकडे झाले तर बरोबर. चपटा होऊन बसला तर पाणी जास्त झालं, भुगा झाला तर कमी. आमचा पहिला गोळा चपटा झाला. आप्पांनी काही न बोलता दोन मुठी कोरडी माती मिसळली आणि पुन्हा पंधरा मिनिटं थांबले.

खड्ड्याचा तळ आणि कडा ओल्या फडक्यानं नुसत्या पुसून घेतल्या, आणि मग माती तीन थरांत भरली. प्रत्येक थर पाऊण इंचाचा, त्यावर धुम्मस, मग खिळ्यानं ओरखडे आणि वर पुढचा थर. धुम्मस उंचावरून आपटायचं नाही. वीतभर उचलायचं आणि कडेपासून मधे असं फिरत यायचं. आवाजाकडे कान ठेवा: सुरुवातीला ‘भद्‌ भद्‌’ येतो, थर बसला की ‘टप्‌ टप्‌’ येऊ लागतो. आवाज बदलला की तो थर झाला. शेवटचा थर आजूबाजूपेक्षा नखाएवढा उंच ठेवला, कारण सकाळी रोलर फिरायचा होता. वरून पळीभर कोरडी बारीक माती भुरभुरली.

हे सगळं होईस्तोवर सात वाजले. या ठिगळाला किमान बारा तास लागतात, म्हणून ते संध्याकाळीच व्हायला हवं. पहाटे भरलेला खड्डा फायनलला टिकत नाही, मग भरणारा कितीही हुशार असो.

रात्री: झाकायची कशी

जानेवारीत आपल्याकडे आभाळ मोकळं असतं. मोकळ्या आभाळाखाली जमीन रात्री झपाट्यानं थंड होते आणि दव पडतं. कपाशीच्या पऱ्हाट्या पहाटे हातानं हलवल्या तर बाही भिजते, एवढं. ते दव पिचवर नको म्हणून ताडपत्री. पण ताडपत्रीचीही एक खोड आहे. जमिनीतली ओल वाफ होऊन वर येते, थंड प्लॅस्टिकला लागते आणि तिचं पाणी होतं. पहाटे ताडपत्री उलटी करून बघा, खालून घामेजलेली असते. नुसती ताडपत्री अंगाला लावून टाकली तर दवापासून वाचवलेली पिच घामानं भिजते.

म्हणून खाली कोरड्या गोणपाटाचा एक थर आणि वर ताडपत्री. गोणपाट घाम पिऊन घेतं. आप्पा दोन्ही लांब बाजूंना बांबू ठेवतात आणि ताडपत्री त्यावरून ताणतात, म्हणजे मधे हवा राहते. कडांना विटा. ताडपत्रीला कुठेही घडी किंवा खोलगा राहू द्यायचा नाही, कारण सगळा घाम त्या खोलग्यात गोळा होतो आणि तिथूनच ठिबकतो.

आम्ही ठिगळ दहापर्यंत उघडं ठेवलं. दव उतरायला लागायच्या आत जेवढं वारं मिळेल तेवढं त्याला हवंच असतं. दहाला आप्पांनी पिचच्या बाजूच्या गवताला हात लावला, बोटं ओली झाली नव्हती. लगेच झाकलं. मग शेकोटीपाशी बसून कळण्याची भाकर आणि ठेचा खाल्ला आणि तिथेच आडवे झालो.

एक सूचना इथेच करतो. रात्री मैदानावर कोणीतरी झोपायलाच हवं. पाइप उघडा राहणं, जनावरं येणं, मांडववाल्यांचा टेम्पो पिचवरून जाणं, यातलं काही ना काही दर दोन-तीन वर्षांनी होतंच.

पहाटे चार: टॉर्च जमिनीला टेकवून

चारला आप्पांनी उठवलं. अंगाला थंडी झोंबत होती. त्यांनी पूर्ण ताडपत्री काढली नाही. एका टोकानं वीटभर उचलली, आत हात घातला आणि गोणपाट चाचपत पुढे सरकले. प्रत्येक दोन हातांवर थांबायचं, गोणपाट दाबायचं, हात गालाला लावून बघायचा. हाताच्या बोटांना थंडीत ओल कळत नाही, गालाला कळते. हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

नदीकडचं ठिगळ ठीक होतं. पण गावाकडच्या टोकाला, स्टंपपासून सहा-सात पावलांवर, हात थांबला. तिथे ताडपत्री बांबूवरून सुटून खाली लोंबली होती. खोलग्यात घाम साचला होता आणि गोणपाट ओलंचिंब होतं. त्याखाली थाळीएवढी जागा ओली. नेमकी गुड लेंग्थवर, म्हणजे जिथे प्रत्येक बॉलर बॉल टाकायचा प्रयत्न करणार तिथे.

आप्पांनी टॉर्च जमिनीला टेकवून आडवी धरली. वरून मारलेल्या उजेडात पिच सपाट आणि सारख्याच रंगाची दिसते. आडव्या उजेडात प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि ओली जागा चकाकते. त्या उजेडात ओली जागा नेमकी कुठवर आहे ते दिसलं. त्यांनी तिच्या चार बाजूंना चार काड्या टोचल्या. मग किल्लीचं टोक तिथे दाबलं, अर्धा इंच सहज आत गेलं. हातभर बाजूला दाबलं, टोकही गेलं नाही.

मी म्हटलं, “आप्पा, वर कोरडी माती टाकूया का? पिऊन घेईल.”

ते म्हणाले, “नको रे भो. वर कोरडी वाटस, मझार वली शे.”

त्यांचं म्हणणं असं होतं की कोरडी माती टाकली तर ती वरची ओल पिऊन पिचला चिकटते, पापडासारखी एक साल तयार होते आणि खालची ओल तशीच कोंडून राहते. बॉल पडला की साल निघते आणि खड्डा होतो. त्याऐवजी त्यांनी जुन्या धोतराची घडी त्या जागेवर ठेवली आणि दोन्ही तळहातांनी अंगाचा भार देऊन दाबली. घासली नाही. ओली काळी माती घासली की तिच्यावर लेप बसतो, मग आतली वाफ बाहेर येत नाही. दहा मोजून घडी उचलली, कोरडी बाजू फिरवली आणि पुन्हा दाबली. असं सात-आठ वेळा, धोतर कोरडं यायला लागेपर्यंत. मग ती जागा उघडी सोडली आणि भोवती चार विटा ठेवून त्यावर ताडपत्री तंबूसारखी उचलली, म्हणजे वरून दव नाही आणि बाजूनं हवा खेळते.

साडेपाच: दोर, आणि एक वाद

तोवर बाकीची कामं. मैदानावरचं दव झाडायला दोघांनी लांब जाड दोर दोन टोकांना धरायचा आणि गवतावरून ओढत चालायचं. गवताच्या टोकावरचा थेंब खाली पडतो आणि उन्हात लवकर सुकतो. पिचच्या भोवतीचे तीस पाऊल आधी करा, कारण ओल्या चपला पिचवर तिथूनच येतात. बॉलरच्या रन-अपची जागा दोनदा झाडा.

साडेपाचला आयोजकांपैकी एक जण आला. नऊला पाहुणे, साडेनऊला टॉस, त्याआधी ढोलपथक. त्याला वाटत होतं की अजून रोलर फिरला नाही म्हणजे आम्ही मागे पडलो. चार पोरं सोबत आणली होती. म्हणाला, “आप्पा, तुम्ही बसा, ही पोरं पटकन रोलर मारतील.”

आप्पा म्हणाले, “थांबा भो, वापसा येऊ द्या.”

तो चिडला. गेल्या वेळी दुसऱ्या गावात म्हणे पाचलाच रोलर झाला होता. आप्पांनी वाद घातला नाही. त्यांनी त्याला हाताला धरून त्या ओल्या जागेपाशी नेलं, ताडपत्रीच्या तंबूखाली बसायला लावलं आणि त्याचा अंगठा जमिनीवर दाबायला सांगितला. अंगठ्याचा ठसा उमटला, रेषांसकट. मग बाजूच्या कोरड्या जागेवर दाबायला सांगितला. काहीच उमटलं नाही. “आता रोलर गेला तर ही जागा खाली बसेल आणि ती तशीच राहील,” आप्पा म्हणाले. “मग पहिल्या ओव्हरला एक बॉल घोट्याला येईल, एक छातीला. मला कोणी काही म्हणणार नाही. हेल्मेट नसलेल्या पोराला लागेल.”

तो माणूस गेला आणि सगळ्यांसाठी चहा घेऊन आला.

तुमच्यावरही ही वेळ येईल, म्हणून हे एवढं सविस्तर लिहिलं. रोलर लवकर फिरवल्याचं नुकसान लगेच दिसत नाही. ओल्या जागेवर रोलर गेला की समोर मातीची बारीक लाट उठते, रोलरला कण चिकटतात आणि मागे चकचकीत, छान दिसणारी पट्टी राहते. ती चकाकी बघून लोक खूश होतात. ती लेपाची चकाकी असते.

पावणेसात: उजेड झाला, ताडपत्री काढली

तांबडं फुटल्यावर, पण ऊन पडायच्या आधी, ताडपत्री काढतात. ओढायची नाही. ओढली की वरचं साचलेलं दव पन्हळीसारखं पिचवर सांडतं. दोघांनी दोन कोपरे धरून लांबीच्या दिशेनं घडी घालत जायचं आणि उचलून रन-अपच्या बाजूला नाही, आडव्या बाजूला न्यायचं.

मग खराटा. लांबीच्या दिशेनं, हलक्या हातानं. उद्देश फक्त सुटे कण काढायचा आहे. रोलरखाली राहिलेला एक खडा पिचमध्ये रुततो आणि नंतर निघताना खळगा सोडतो. हरळी वाढलेली असेल तर तीही आत्ताच, कोरडी असताना कापायची. आमच्याकडे ती आदल्या दिवशीच कापलेली होती.

त्या ओल्या जागेवर आप्पांनी किल्ली पुन्हा दाबली. टोक तांदळाच्या दाण्याएवढं आत गेलं आणि थांबलं. अंगठा दाबला, रेषा उमटल्या नाहीत, नुसता धुरकट डाग दिसला. तरी ते अजून वीस मिनिटं थांबले. ऊन पडलं, डागाचा रंग आजूबाजूशी जुळायला लागला, तेव्हा म्हणाले, आणा.

आमचा रोलर म्हणजे काँक्रीट भरलेला लोखंडी पिंप, अंदाजे तीनशे किलो. पहिलं काम रोलर पुसायचं. रात्रभर बाहेर राहिलेल्या लोखंडावर दवाचे थेंब असतात आणि ते सरळ पिचवर जातात. मग एका टोकाबाहेरून सुरू करून दुसऱ्या टोकाबाहेर जायचं. पिचवर थांबायचं नाही, वळायचं नाही. थांबलं की तिथे खोलगट खूण राहते, वळलं की माती पिळली जाते. वेग किती? आप्पा ढोलपथकातल्या पोरांना म्हणाले, “पालखीमागं चालतात तसं चाला.” दाब वजनानं बसतो आणि वजनाला बसायला वेळ लागतो. पळवलेला रोलर नुसती इस्त्री करतो.

पहिल्या फेरीनंतर आप्पांनी रोलरवरून तळहात फिरवला. कण लागले नाहीत. लागले असते तर तिथेच थांबायचं, पुसायचं आणि अर्धा तास वाट बघायची. नदीकडच्या ठिगळावर ते स्वतः उकिडवे बसले आणि रोलर जाताना कडांकडे बघत राहिले. ठिगळाची कड हलली नाही. वीस मिनिटं रोलर फिरला. त्यापुढे उपयोग नाही. वाळलेल्या पिचवर जास्त रोलर म्हणजे पापुद्रे फोडणं.

शेवटी बॉलची परीक्षा. हात पूर्ण वर करून तोच बॉल एकाच उंचीवरून दोन्ही गुड लेंग्थवर आणि मधे सोडायचा. आकडा महत्त्वाचा नाही, सारखेपणा महत्त्वाचा. तिन्ही ठिकाणी उसळी जवळपास एकाच उंचीवर आली. ओल्या जागेवर दोन बोटं कमी. आप्पांनी हे दोन्ही कॅप्टनना बोलावून सांगितलं आणि जागाही दाखवली. लपवलं नाही. टॉसच्या वेळी दोघांनाही सारखंच माहीत असलं पाहिजे, हा त्यांचा नियम आहे.

आखणी

रोलरनंतरच आखणी, आधी नाही. पिचच्या मध्यातून एक दोरी ताणा. दोन्ही बाजूंच्या मधल्या स्टंपच्या मधोमध अंतर २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट, म्हणजे २०.१२ मीटर. पिचची रुंदी १० फूट. स्टंपच्या रेषेवर बोलिंग क्रीज, लांबी ८ फूट ८ इंच. तिच्या पुढे ४ फुटांवर पॉपिंग क्रीज. हे चार फूट पॉपिंग क्रीजच्या स्टंपकडच्या कडेपर्यंत मोजायचे. पांढऱ्या पट्ट्याची जाडी त्या चार फुटांत येत नाही, कारण नियमानं क्रीज म्हणजे पट्ट्याची मागची कड. बॅट्समननं रेषेवर बॅट टेकवली तरी तो आउट का असतो, याचं उत्तर इथे आहे. नवे लोक पट्ट्याच्या मधोमध मोजतात आणि इंचभर क्रीज मागे, स्टंपकडे सरकते. रन-आउटचं भांडण झालं की मग तो इंच महाग पडतो.

काटकोन डोळ्यानं धरू नका. मधल्या दोरीवर ४ फूट, आडव्या रेषेवर ३ फूट मोजा. त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं तर काटकोन आहे. गवंडी हेच करतो. दोन्ही टोकांच्या रिटर्न क्रीजचे कोपरे तिरके मोजले तर दोन्ही कर्ण सारखे, सुमारे २०.२९ मीटर यायला हवेत. आमचा एक कर्ण दोन इंच जास्त आला. म्हणजे एक टोक तिरपं होतं. आप्पांनी दोरी सोडली आणि पहिल्यापासून मोजलं.

फक्की वापरताना खडूची पूड घ्या, चुना नको. चुन्याची धूळ डोळ्यात गेली तर भाजते, आणि क्रीजवर तोंड घालून पोरं डाइव्ह मारतात. पूड पाण्यात कालवून ब्रशनं लावायची असेल तर दह्याएवढी घट्ट ठेवा. पातळ केली की ते पाणी नेमकं क्रीजमध्ये मुरतं, आणि क्रीजपाशीच आपण खड्डा भरलेला असतो.

स्टंपसाठी आधी लोखंडी सळईनं भोकं. तीन स्टंपची मिळून रुंदी ९ इंच. स्टंप सरळ हातोडीनं ठोकले तर कडक मातीला त्या तीन भोकांमधून चीर जाते.

टॉसनंतर

सव्वानऊला आम्ही दोरीबाहेर आलो. ढोल वाजत होते. नदीकडून पहिली ओव्हर टाकायला गावाचा सगळ्यात वेगवान मुलगा आला. बॉल कुठे पडला, कीपरनं कसा घेतला, हे सगळं गाव बघत होतं. आप्पा त्याच्या पुढच्या पायाकडे बघत होते. पाय ठिगळावर पडला, उचलला गेला. खिळ्यांच्या चार खुणा दिसल्या, कड जागेवर होती. दुसऱ्या बॉलला तेच. ओव्हर संपल्यावर त्यांनी मला म्हटलं, “धोतर उन्हात टाक, इनिंग ब्रेकला लागेल.”

ब्रेकला करायचं एवढंच: बॉलरच्या पायाखालचा भुगा झाडायचा, विस्कटलेली क्रीज पुन्हा काढायची. दुसऱ्या डावाआधी बॅटिंग करणाऱ्या कॅप्टननं मागितला तर रोलर द्यायचा, पण नियमानं जास्तीत जास्त सात मिनिटं. त्या दिवशी कॅप्टननं मागितला. आप्पांनी घड्याळ माझ्या हातात दिलं आणि स्वतः रोलर पुसायला गेले.